पडद्यावरची अटक कशी ओळखावी?

अटक म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाहून वा ऐकून माहीत असते. पोलीस दारात येतात, शेजारी जमतात, कोणीतरी पोलीस पाटलांना बोलावणे धाडतो, घरातले माणूस मागोमाग ठाण्यावर जाते. त्या प्रसंगात दुःख असते, लाजही असते. पण एक गोष्ट निश्चित असते, ती म्हणजे सारे काही चारचौघांदेखत घडते. अलीकडे मात्र अटकेचा एक नवाच प्रकार लोकांच्या कानी पडू लागला आहे. त्यात दारात कोणी येत नाही. हातातल्या मोबाईलवर गणवेशातला एक माणूस दिसतो, 'तुम्हाला अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाशी बोलू नका' असे बजावतो आणि सुटका हवी असेल तर पैसे पाठवा म्हणतो. याला लोक 'डिजिटल अटक' म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरच 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी अशा एका संभाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकवून हेच सांगितले होते.

पण 'असे काही नसते' एवढे ऐकून माणूस सावध होतो का? ज्यांचे पैसे गेले त्यांतल्या कित्येकांनीही हे कधीतरी ऐकले असेलच. भीती वाटली की ऐकलेले आठवत नाही. म्हणून खरी अटक कशी होते तेच नीट समजून घेऊ. खऱ्या अटकेच्या पायऱ्या माहीत असल्या की खोट्या अटकेच्या खुणा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. खरी रीत जे जे करते, त्याच्या नेमके उलट ही खोटी रीत करते.

आधी हा प्रकार घडतो कसा ते पाहा. समजा, बोईसरला राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, घरी दोघेच. सकाळी दहाच्या सुमारास फोन येतो. पलीकडचा माणूस अगदी सभ्यपणे बोलतो. आपण कुरिअर कंपनीतून बोलतो आहोत, तुमच्या नावाने परदेशी निघालेले एक पार्सल मुंबईत अडवले आहे, त्यात अमली पदार्थ आणि काही पासपोर्ट सापडले, असे तो सांगतो. कधी पार्सलऐवजी 'तुमच्या नावावरच्या दुसऱ्या सिमवरून गैरप्रकार झाला आहे, दोन तासांत फोन बंद होईल' असे सुरू होते. गुरुजी म्हणतात, मी काही पाठवलेले नाही. तो म्हणतो, "मग कोणीतरी तुमच्या आधारचा गैरवापर केला असेल. काळजी करू नका, मी तुम्हाला लगेच मुंबई क्राइम ब्रँचला जोडून देतो, तक्रार नोंदवून टाका."

येथे पहिली मेख आहे. पहिला माणूस धाक घालत नाही, तो मदत करतो. त्यामुळे पुढच्या माणसाकडे आपण आरोपी म्हणून जात नाही, तक्रारदार म्हणून स्वतःच्या पायाने जातो. पालघर-बोईसरच्या माणसाला मुंबई काही परकी नाही. लोकलने दीड-दोन तासांत गाठता येते, कोणाचा ना कोणाचा नातलग तेथे असतो. मुंबईच्या पोलीस ठाण्याचे नाव ऐकून त्याला संशय येत नाही, उलट विश्वास बसतो.

मग व्हिडिओ कॉल सुरू होतो. समोर गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. साहेब गुरुजींचे पूर्ण नाव, पत्ता आणि आधार क्रमांक घडाघडा वाचून दाखवतात. थोड्याच वेळात मोबाईलवर एक वॉरंट येते. त्यावर शिक्का असतो, सही असते, गुरुजींचे छायाचित्र असते. साहेब आता आवाज चढवतात. तुमच्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे, प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचे आहे, बाहेर कोणाला कळले तर त्यालाही आत घ्यावे लागेल. कॅमेरा बंद करायचा नाही. शेवटी, तासा-दोन तासांनी, मुद्द्याची गोष्ट निघते: बँकेत काय आहे? चौदा लाखांची मुदत ठेव? ती मोडा आणि 'तपासणी खात्यात' पाठवा. पैसा निर्दोष ठरला की दोन दिवसांत परत मिळेल.

हे उदाहरण कल्पनेतले आहे, पण त्याच्या पायऱ्या कल्पनेतल्या नाहीत. आता एकेक पायरी खऱ्या रीतीशेजारी ठेवून पाहू.

पहिली गोष्ट ओळखीची. साहेबाला आपला आधार क्रमांक माहीत आहे, म्हणजे तो सरकारातलाच असणार, असे मनात येते. पण विचार करा, गेल्या काही वर्षांत आपण आधारची प्रत कुठे कुठे दिली? सिमकार्ड घेताना, लॉजवर उतरताना, कर्जाच्या चौकशीला, गॅस जोडणीला, कारखान्यात हजेरी लावणाऱ्या ठेकेदाराला. या प्रती आणि याद्या बाहेर जातात, विकल्या जातात. तेव्हा आपली माहिती कोणाला असणे हा त्याच्या अधिकाराचा पुरावा होत नाही. गणवेश शिवून मिळतो, शिक्का संगणकावर उमटवता येतो, आणि फोनवर दिसणाऱ्या नावाच्या व फोटोच्या जागी कोणीही काहीही लावू शकतो. म्हणून कागद खरा की खोटा, गणवेशावरची पट्टी बरोबर की चूक, हे पारखत बसू नका. त्यात तो आपल्याहून हुशार असण्याचा संभव आहे. तो मागतो काय, याकडे लक्ष द्या.

दुसरी गोष्ट अटकेची. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या ४३व्या कलमानुसार अटक करताना अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो किंवा अडवून धरावे लागते. व्यक्ती आपण होऊन शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाली तरच त्याची गरज नसते. म्हणजे अटक ही माणसाने माणसाला समोरासमोर करायची गोष्ट आहे. ३६व्या कलमानुसार अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि अटकेचे टिपण जागच्या जागी तयार झाले पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. शिवाय अटक झाल्याची खबर नातलगाला किंवा मित्राला देणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणेही.

आता पडद्यावरचा साहेब काय म्हणतो ते आठवा. "बायकोलाही सांगू नका." कायदा म्हणतो घरच्यांना सांगा, हा म्हणतो लपवा. कायदा साक्षीदार मागतो, हा खोलीचे दार लावून घ्यायला सांगतो. मला वाटते, सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत पक्की खूण आहे, कारण ती त्याला टाळताच येत नाही. आपण दुसऱ्या एका माणसाशी पाच मिनिटे बोललो की त्याचा खेळ संपतो. व्हिडिओ कॉल सतत चालू ठेवायला लावतात तोही याचसाठी. कॅमेऱ्याचा उपयोग आपला चेहरा पाहण्यासाठी नसतो, आपण कोणाला भेटत नाही ना, हे पाहण्यासाठी असतो.

तिसरी गोष्ट पैशाची. एखाद्या खात्यातून गुन्ह्याचा पैसा गेल्याचा संशय आला, तर तपास यंत्रणा बँकेला कळवते आणि ते खाते गोठवले जाते. पैसा आहे तेथेच राहतो, फक्त तो काढता येत नाही. यात खातेदाराने काही पाठवायचे नसते. पुष्कळदा त्याला बँकेत गेल्यावरच हे कळते. ज्या पैशावर संशय आहे तोच पैसा हलवायला कोणता तपास अधिकारी सांगेल? पंचनामा करायला आलेला माणूस वस्तू तेथून उचलून शेजारच्या घरात ठेवा म्हणाला, तर आपण काय समजू? तेव्हा एवढे धरून ठेवा: खरा अधिकारी पैसा थांबवतो, खोटा तो चालवतो. रिझर्व्ह बँकेचे म्हणून सांगितलेले असे 'तपासणी खाते' अस्तित्वात नाही. आणि जामिनाचे म्हणाल, तर जामीन द्यायचा की नाही हे कायद्याने ठरते, त्याचे जातमुचलके व हमीपत्रे कागदावर होतात, रक्कम भरावी लागलीच तर ती रीतसर भरून पावती मिळते. कोण्या खासगी माणसाच्या किंवा अनोळखी कंपनीच्या खात्यात ती जात नाही.

अशा फसवणुकीत शिकलेली, अनुभवी माणसेही सापडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांची अशीच फसवणूक झाली. त्यांना पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालय दाखवले गेले. एकजण सरन्यायाधीश बनून बोलला, आदेशाची प्रत फोनवर आली आणि त्यांनी ७ कोटी रुपये पाठवले. ते रात्री झोपलेले असतानाही कॅमेरा चालूच होता. पुढे त्यांनी हे सारे स्वतः जाहीरपणे सांगितले. तक्रार काही दिवसांतच झाल्यामुळे सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळू शकले.

दुसरे प्रकरण आपल्या शेजारचे, दक्षिण मुंबईतले. मार्च २०२५ मध्ये ते उघडकीस आले. ८६ वर्षांच्या एका बाईंना सीबीआयचा अधिकारी म्हणवणाऱ्याने दोन महिन्यांहून अधिक काळ धाकात ठेवले. तुमच्या आधारावर खाते उघडून बेकायदा पैसा फिरवला गेला, सहकार्य केले नाही तर मुलीलाही गोवू, असे सांगून त्यांच्याकडून थोडे थोडे करीत २० कोटींहून अधिक रुपये काढून घेतले. हे प्रथम कोणाच्या लक्षात यावे? घरकाम करणाऱ्या बाईंच्या. आजी दिवसभर खोलीत बसतात, फोनवर कोणाशी तरी चढ्या आवाजात बोलतात, जेवायला तेवढ्या बाहेर येतात, हे त्यांना खटकले आणि त्यांनी मुलीच्या कानावर घातले.

या दुसऱ्या प्रकरणातून शिक्षकांनी आणि शेजाऱ्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. जो माणूस जाळ्यात अडकला आहे तो स्वतः सांगणार नाही, त्याला तशी ताकीद असते. पण बाहेरून दिसते. रोज कट्ट्यावर येणारा माणूस दोन दिवस येत नाही. दार लावून हळू बोलतो. विचारले तर 'ऑफिसचे काम आहे' म्हणून टाळतो. एकाएकी ठेव मोडायला निघतो, दागिने गहाण टाकण्याची चौकशी करतो. बँकेत विचारलेच तर जागा घ्यायची आहे किंवा दवाखान्यासाठी हवे आहेत असे सांगतो, कारण तसे सांगायला पलीकडून पढवलेले असते. अशा वेळी वाद घालू नका, मूर्खात काढू नका. जवळ बसा आणि एवढेच विचारा, "तुम्हाला कोणी पोलीस म्हणून फोन केला आहे का?" पुष्कळदा तेवढ्याने बांध फुटतो.

येथे एक शंका येईल. खरे पोलीस कधी फोन करीत नाहीत का? न्यायालयाचे काम व्हिडिओवर होत नाही का? होते. ठाण्यातून फोन येऊ शकतो; 'अमुक दिवशी या' असे सांगतात. न्यायालयेही आता व्हिडिओवर सुनावणी घेतात. पण तेथे आपला वकील असतो, खटल्याला क्रमांक असतो, आणि पडद्यावरून कोणी पैसे मागत नाही. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून केवळ फोन आला वा व्हिडिओ दिसला म्हणून ओरड करू नये. धाक, गुप्तता आणि पैसा या तीन गोष्टी एकत्र आल्या की समजावे, हा पोलीस नाही.

मग करायचे काय? फोन ठेवायचा. याने कोणताही गुन्हा होत नाही. धीर होत नसेल तर म्हणावे, "साहेब, मी आमच्या ठाण्यात जाऊन बसतो, तिथे बोलू," आणि कॉल तोडावा. तो दुसऱ्या क्रमांकांवरून पुन्हा पुन्हा फोन करील, दहा मिनिटांत गाडी येते आहे म्हणेल. येऊ द्या की! गाडी खरी असेल तर तिच्यातला अधिकारी दारात येईल, नाव दाखवील, घरच्यांपुढे बोलेल. त्याने दिलेल्या क्रमांकावर खात्री करू नका, कारण तेथेही त्याचाच साथीदार बसलेला असतो. जवळचे ठाणे बोईसरचे असो, तारापूरचे असो की पालघरचे, तेथे स्वतः जावे. रात्र असेल तर ११२ लावावा. गावात असाल तर पोलीस पाटलांच्या घरी जावे. तीन माणसांच्या कानावर गोष्ट घातली की निम्मी भीती उतरते.

आणि पैसे गेलेच असतील तर? तेव्हा मिनिटांना किंमत असते. हा पैसा एका खात्यात थांबत नाही. पहिल्या खात्यातून तो पाच-दहा खात्यांत वाटला जातो, तेथून आणखी पुढे, आणि शेवटी कोठेतरी रोख काढला जातो किंवा परदेशात फिरवला जातो. रोख हाती पडण्यापूर्वी बँकेने तो अडवला तरच तो सापडतो. म्हणून आधी १९३० हा क्रमांक लावावा. ठाण्याची वाट त्यानंतर. कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा क्रमांक काय, एवढे समोर ठेवावे. ते बँकेच्या संदेशात असते, म्हणून तो संदेश पुसू नये. तेथून सूचना थेट बँकांकडे जाते आणि वाटेत जी रक्कम शिल्लक असेल ती रोखून धरतात. तक्रारीचा क्रमांक मिळेल तो लिहून ठेवावा, आणि मग cybercrime.gov.in या संकेतस्थळावर व ठाण्यात रीतसर तक्रार पुरी करावी. लाजेने एक रात्र थांबलात तर सकाळी अडवायला काही उरलेले नसते.

शेवटी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या तरुण कामगारांसाठी आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट, शिक्षकांनी ती वर्गात जरूर सांगावी. वर म्हटलेली ती पाच-दहा खाती कोणाची असतात? पुष्कळदा ती गरजू माणसांची असतात. 'तुझे खाते आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असे कोणी ओळखीचा म्हणतो, आणि मुलगा देतो. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या आजीचा आयुष्यभराचा पैसा त्या खात्यातून जातो, आणि माग काढत पोलीस येतात ते त्या मुलाच्याच घरी. ती अटक मात्र पडद्यावरची नसते. अधिकारी दारात उभे असतात, आईबापांना खबर देतात, साक्षीदाराची सही घेतात. सारे काही कायद्याप्रमाणे, चारचौघांदेखत. म्हणून खाते, एटीएमचे कार्ड आणि सिम या तीन वस्तू, मागणारा मित्र असला तरी, कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत.